टेबल जागेवर का थांबत नाही? सोलापूरच्या एका मशीनवरचा आठ मायक्रॉनचा गोंधळ

सोलापूर म्हटलं की चादर आणि टॉवेल आठवतात. पण याच शहरात गाड्यांच्या इंजिनांचे कॅमशाफ्ट बनतात, आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत लूमचे सुटे भाग, गिअरबॉक्सची कव्हरं, बेअरिंगची घरं असं जॉबवर्क करणारी कितीतरी छोटी वर्कशॉप आहेत. अशाच एका वर्कशॉपमध्ये एक जुनं मिलिंग मशीन आहे. मशीन जुनं असलं तरी त्याचा मेंदू नवा आहे. हाताने फिरवायची चाकं काढून त्या जागी सर्व्हो मोटर, बॉलस्क्रू आणि टेबलाची जागा मोजणारी काचेची स्केल बसवली आहे. या कामाला तिथे सगळे ‘रेट्रोफिट’ म्हणतात.

मी तिथे गेले तेव्हा मशीन चालू होतं, पण काम बंद होतं. स्क्रीनवर टेबलाची जागा दिसत होती. हुकूम होता १००.००० मिलिमीटरचा आणि आकडा दिसत होता ९९.९९२. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग ‘टक’ असा बारीक आवाज आला आणि आकडा १००.००८ झाला. पुन्हा शांतता, पुन्हा टक, पुन्हा ९९.९९२.

“मोजा की,” ऑपरेटर मामा म्हणाले. “पावणेतीन सेकंद. सकाळपासून हेच चाललंय.”

फरक होता शून्याच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे केसाच्या जाडीचा नववा हिस्सा. एवढ्याशा फरकाने काय बिघडतं, असं मलाही वाटलं. पण या मशीनला सांगून ठेवलं होतं की टेबल ठरलेल्या जागेच्या पाच मायक्रॉनच्या आत येऊन थांबल्याशिवाय पुढची ओळ चालवायची नाही. टेबल आत येऊन थांबतच नव्हतं. ते एका बाजूने उडून थेट दुसऱ्या बाजूला जात होतं. त्यामुळे ड्रिल वरच लटकलेलं, आणि तासाला ठरलेले नग खोळंबलेले.

या प्रकाराला कंट्रोलच्या भाषेत ‘हंटिंग’ म्हणतात. यंत्र आपली जागा शोधत राहतं, पण त्याला ती सापडत नाही.

आधी कपाट सरकवून बघा

घरातलं लोखंडी कपाट भिंतीपासून बरोबर चार बोटं अंतरावर आणायचंय असं समजा. ते दोन बोटं कमी पडलंय. तुम्ही जोर लावता, कपाट हलत नाही. आणखी जोर लावता, तरी नाही. मग पाय रोवून रेटता आणि कपाट एकदम सुटतं, ठरलेल्या जागेच्या पुढे दोन बोटं जाऊन थांबतं. आता उलट बाजूने रेटायचं. पुन्हा तेच होतं आणि कपाट पुन्हा मूळ जागी येतं.

यात चूक तुमच्या डोळ्यांची नाही, ताकदीचीही नाही. अडचण घर्षणात आहे. थांबलेली वस्तू हलवायला जेवढा जोर लागतो, त्यापेक्षा ती हलती ठेवायला कमी लागतो. पहिल्याला स्थिर घर्षण म्हणतात, दुसऱ्याला गतिज घर्षण. कपाट सुटतं त्या क्षणी तुमचे हात मोठ्या घर्षणाच्या हिशेबाने रेटत असतात आणि समोरचा विरोध अचानक कमी होतो. हा जास्तीचा जोर कपाटाला पुढे फेकतो. चिकटणं आणि सुटणं, सुटणं आणि चिकटणं, म्हणून इंग्रजीतून आलेला शब्द ‘स्टिक-स्लिप’. दाराच्या बिजागरीची करकर आणि फळ्यावर खडूचा किंचाळणारा आवाज ही याच घराण्यातली मंडळी.

मशीनचं टेबल म्हणजे तेच कपाट. फरक एवढाच की त्याला रेटणाऱ्याला दमायला होत नाही.

मशीनला रेटायला कोण सांगतं?

मोटरला किती जोर लावायचा हे कंट्रोलर ठरवतो. त्याचा हिशेब समजायला अवघड नाही. हवी ती जागा वजा प्रत्यक्ष जागा म्हणजे चूक. या चुकीवरून तो दोन जोर काढतो आणि त्यांची बेरीज मोटरला देतो.

पहिला जोर चुकीच्या प्रमाणात असतो. चूक दुप्पट, तर जोर दुप्पट. याला प्रपोर्शनल म्हणतात. दुसरा जोर इंटिग्रल. तो उधारीच्या वहीसारखा आहे. चूक जितका वेळ राहील, तितकी रक्कम वहीत वाढत जाते आणि त्या रकमेएवढा जोर लावला जातो. चूक छोटी असली तरी ती मिटेपर्यंत वही फुगत राहते.

ही वही ठेवायचीच कशाला? कारण नुसत्या प्रपोर्शनलवर टेबल ठरलेल्या जागेच्या अलीकडेच अडकतं. आमच्या मशीनचा हिशेब त्या रेट्रोफिट करणाऱ्या इंजिनिअरने मला कागदावर मांडून दाखवला. आकडे त्याने सोयीसाठी गोल केले होते, पण मांडणी खरी आहे.

टेबल आणि त्यावरचं काम मिळून साधारण २०० किलो. कास्ट आयर्नच्या डव्हटेल स्लाइडवर ते घासत सरकतं. थांबलेलं टेबल सुटायला ३०० न्यूटन जोर लागतो, म्हणजे साधारण ३० किलो वजन उचलण्याइतका. एकदा हललं की घर्षण २०० न्यूटनवर येतं. प्रपोर्शनलची सेटिंग अशी की प्रत्येक मायक्रॉन चुकीला १० न्यूटन जोर.

आता वही बंद ठेवली, तर ३०० न्यूटन भरायला चूक ३० मायक्रॉनपेक्षा मोठी हवी. म्हणजे २५ मायक्रॉन चुकलेलं टेबल तसंच बसून राहील, मोटर २५० न्यूटनने रेटत राहील आणि काहीही हलणार नाही. हे परवडत नाही, म्हणून इंटिग्रल घालतात. आणि इंटिग्रल घातला की पुढची गोष्ट सुरू होते.

एका हेलकाव्याचा जमाखर्च

इंटिग्रलची सेटिंग होती प्रत्येक मायक्रॉन चुकीला दर सेकंदाला २० न्यूटन. टेबल आठ मायक्रॉन अलीकडे अडकलंय. प्रपोर्शनलचा जोर ८ गुणिले १०, म्हणजे ८० न्यूटन. वहीत दर सेकंदाला ८ गुणिले २०, म्हणजे १६० न्यूटन जमा होतायत. वहीत २२० न्यूटन जमले की एकूण ३०० होतात आणि टेबल सुटतं.

सुटता क्षणी घर्षण २०० वर उतरतं. शंभर न्यूटन जास्तीचे. टेबल पुढे जातं तशी चूक कमी होते आणि प्रपोर्शनलचा जोरही प्रत्येक मायक्रॉनला दहाने घटतो. दहा मायक्रॉन पुढे गेल्यावर जोर आणि घर्षण सारखे होतात, पण तोवर टेबलाला वेग आलेला असतो. झोका मध्यावर थांबत नाही तसंच. घसरताना काहीच ब्रेक लागला नसता तर ते दुप्पट, म्हणजे २० मायक्रॉन गेलं असतं. कंट्रोलरमध्ये वेगाला आवर घालणारा डॅम्पिंगचा भाग असतो आणि तेलाचाही थोडा विरोध असतो, त्यामुळे या मशीनवर उडी निघते साधारण १६ मायक्रॉनची. ही उडी डोळ्याची पापणी लवायच्या आत संपते. आठ मायक्रॉन अलीकडे होतं ते टेबल आता आठ मायक्रॉन पलीकडे.

आता खरी गंमत. चुकीची दिशा बदलली, पण वहीत अजून २२० न्यूटन जुन्याच दिशेचे आहेत. प्रपोर्शनल उलट दिशेने ८० न्यूटन ओढतोय. बेरीज १४० न्यूटन, तीही चुकीच्या बाजूला. एवढ्याने टेबल हलत नाही, ते चिकटून बसतं. वहीला आधी हे १४० फेडायचेत आणि मग उलट दिशेने ३०० जमवायचेत. एकूण ४४० न्यूटन, दर सेकंदाला १६० प्रमाणे. भागाकार करा, २.७५ सेकंद. मामांनी घड्याळ न बघता सांगितलेले पावणेतीन सेकंद ते हेच.

मग टक. पुन्हा १६ मायक्रॉनची उडी, पण उलटी. पुन्हा तेच १४०, तेच ४४०, तेच पावणेतीन सेकंद. पूर्ण फेरी साडेपाच सेकंदांची, आणि वीज असेपर्यंत चालू.

प्रत्येक उडी ३०० न्यूटनलाच सुटते, म्हणून प्रत्येक उडी सारखीच असते. सुरुवातीला टेबल कुठेही असलं तरी फार फरक पडत नाही. आधी काही फेऱ्या एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असा हेलकावा होतो, हळूहळू तो दोन्हीकडे सारखा होत जातो. धक्का दिला तरी पुन्हा त्याच मापावर येऊन बसणाऱ्या अशा हेलकाव्याला ‘लिमिट सायकल’ म्हणतात. घंटेचा लोलक धक्क्यानुसार कमी-जास्त झुलतो आणि शेवटी थांबतो. हा थांबत नाही, कारण वही त्याला प्रत्येक फेरीत नवी ताकद पुरवते.

सेटिंग कमी केली, मशीन ‘सुधारलं’

वर्कशॉपमध्ये पहिला उपाय ठरल्याप्रमाणे झाला. हलतंय ना, मग गेन कमी करा. कुणीतरी इंटिग्रल निम्मा केला. आकडा पावणेतीनऐवजी साडेपाच सेकंदांनी बदलायला लागला आणि सगळ्यांना वाटलं, चला, शांत झालं.

कागदावरचा हिशेब पुन्हा बघा. इंटिग्रल निम्मा केला तर वही निम्म्या वेगाने भरते. पण टेबल सुटतं ३०० न्यूटनलाच, जास्तीचा जोर राहतो शंभरच, आणि उडी राहते १६ मायक्रॉनचीच. बदलला फक्त दोन उड्यांमधला वेळ. आजार तोच, ठोके निम्मे.

माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच आहे, कारण यातूनच निदानाची चाचणी मिळते. कंट्रोलर नुसताच जास्त तिखट सेट झाला असेल तर त्यामुळे येणारं हलणं वेगळं दिसतं. त्यात जागेचा आलेख गुळगुळीत लाटेसारखा असतो आणि इंटिग्रल कमी केला की लाट विरून जाते. घर्षणाच्या हंटिंगमध्ये इंटिग्रल निम्मा केला की वेळ दुप्पट होतो आणि उंची जागची हलत नाही.

बहुतेक सर्व्हो ड्राइव्हच्या सॉफ्टवेअरमध्ये जागा आणि मोटरचा करंट यांचा आलेख काढता येतो. तो काढला की शंका उरत नाही. जागेची रेघ पायऱ्यांसारखी: सपाट, उभी, सपाट, उभी. करंटची रेघ मात्र करवतीच्या दात्यांसारखी: सरळ चढत जाते, टोकाला पोचते, थोडी खाली पडते आणि मग सरळ उतरत जाते. टेबल हलत नाहीये आणि करंट मात्र वाढतोय, हे चित्र दिसलं की गुन्हेगार स्लाइडवर बसलाय असं समजायचं.

एक सावधगिरी मात्र हवी. बॉलस्क्रूमध्ये किंवा कपलिंगमध्ये ढिलाई असेल तर इंटिग्रलमुळे तिथेही असाच लपंडाव सुरू होऊ शकतो. ते तपासायला टेबलाला डायल गेज लावून मोटर किंचित उलटसुलट फिरवायची. मोटर फिरते आणि काटा काही काळ मुळीच हलत नाही, तर आधी ती ढिलाई काढावी लागते.

या वर्कशॉपमध्ये दुसरा उपायही सुचवला गेला होता. पाच मायक्रॉनची अट दहा करा. तसं केल्यावर मशीन लगेच पळायला लागलं. पण टेबल कधी आठ अलीकडे आणि कधी आठ पलीकडे असताना भोक पडायचं. दोन भोकांमधलं अंतर एका नगात १६ मायक्रॉन जास्त, तर दुसऱ्यात १६ मायक्रॉन कमी. बेअरिंग बसवणाऱ्या गिऱ्हाइकाने चार दिवसांत नग परत पाठवले. मालकांनी ती अट मग पुन्हा पाचवर आणली.

उडीचं माप कशावर ठरतं?

वरच्या हिशेबात उडीला कारण दोनच आकडे आहेत. एक, स्थिर आणि गतिज घर्षणातला फरक, म्हणजे १०० न्यूटन. दुसरा, प्रपोर्शनल गेन, म्हणजे मायक्रॉनला १० न्यूटन. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की १० मायक्रॉन येतात आणि उडी त्याच्या दीडपट-पावणेदोनपट निघते.

म्हणून प्रपोर्शनल दुप्पट केला तर उडी निम्मी, हे बरोबर आहे. पण तो हवा तेवढा वाढवता येत नाही. स्क्रू, कपलिंग, टेबल हे सगळं मिळून एक कडक स्प्रिंग असते आणि तिची स्वतःची कंपनं असतात. गेन एका मर्यादेपलीकडे गेला की मशीन गुणगुणायला आणि मग ओरडायला लागतं. जुन्या मशीनवर ही मर्यादा लवकर येते. इथे ती जवळपास आलीच होती.

उरला घर्षणातला फरक. लक्षात घ्या, इथे घर्षण किती आहे हा प्रश्न नाही, दोन घर्षणांमध्ये अंतर किती आहे हा आहे. स्थिर आणि गतिज दोन्ही २०० असते, तर सुटल्यावर फेकणारा जास्तीचा जोरच नसता. टेबल हळूच सरकून जागेवर आलं असतं.

मामांनी टाकीचं झाकण उघडलं

इंजिनिअर लॅपटॉप उघडून बसला होता. मामांनी तेलाच्या टाकीचं झाकण उघडलं, बोट बुडवलं आणि दोन बोटांमध्ये घासून बघितलं. “स्लाइडचं तेल नाही हे,” ते म्हणाले. “स्लाइडचं तेल बोटाला धरतं.”

चौकशी केल्यावर कळलं की महिनाभरापूर्वी स्लाइडचं तेल संपलं होतं आणि कुणीतरी हायड्रॉलिक प्रेसचं तेल ओतलं होतं. दोन्ही डब्यांवर ६८ लिहिलेलं होतं, मग फरक काय, असं त्याला वाटलं असणार.

तो ६८ आकडा सांगतो तेलाचा दाटपणा, आणि तो मोजतात ४० अंश सेल्सिअसला. सोलापूरची एप्रिलची दुपार धरा. पण टेबल थांबलेलं असताना दाटपणा फार कामाला येत नाही. थांबलेल्या टेबलाच्या वजनाखाली तेल हळूहळू बाहेर दाबलं जातं आणि लोखंडाची टोकं लोखंडाला भिडतात. जितका वेळ टेबल उभं, तितकी ही पकड घट्ट होत जाते. विश्रांतीच्या वेळेबरोबर स्थिर घर्षण वाढतं हे फ्रान्सच्या कूलॉमने अठराव्या शतकातच प्रयोगांमधून दाखवलं होतं. स्लाइडसाठीच्या तेलात अशी द्रव्यं घातलेली असतात जी धातूच्या पृष्ठभागाला चिकटून पातळ थर धरून ठेवतात. तेल दाबून बाहेर गेलं तरी हा थर राहतो आणि सुटतानाचं घर्षण कमी ठेवतो. साध्या हायड्रॉलिक तेलात ही सोय नसते. सारख्या आकड्याची दोन तेलं चालत्या टेबलाखाली सारखी वाटतील, थांबलेल्या टेबलाखाली नाही.

दुसरी गोष्ट गिबची. डव्हटेल स्लाइडमध्ये टेबल डुलू नये म्हणून एक निमुळती पट्टी बसवलेली असते, ती स्क्रूने आवळतात. हंटिंग म्हणजे टेबल ढिलं, असा समज करून ती जास्तच आवळली गेली होती. जितकी आवळ जास्त, तितकी दोन्ही घर्षणं जास्त आणि त्यांच्यातला फरकही जास्त.

टाकी रिकामी करून नळ्या धुतल्या, योग्य तेल भरलं, टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत बराच वेळ फिरवलं, गिब सैल करून पुन्हा हाताच्या अंदाजाने लावली. मग मोजलं. घर्षण मोजायला वेगळं यंत्र लागत नाही. टेबल अगदी हळू चालवून मोटरचा करंट बघायचा, हे झालं गतिज घर्षण. मग थांबवून करंट हळूहळू वाढवायचा आणि टेबल कितीला सुटतं ते बघायचं, हे स्थिर. आकडे आले गतिज १९०, स्थिर २२०. फरक शंभरावरून तीसवर.

कागदावरच्या हिशेबाने उडी आता पाच मायक्रॉनपेक्षा जराशी कमी, म्हणजे दोन्ही बाजूंना अडीचच्या आत. हंटिंग संपलं नव्हतं, पण ते पाच मायक्रॉनच्या अटीच्या आत गेलं होतं आणि मशीन पुढची ओळ चालवायला लागलं.

मालकांनी विचारलं की घर्षणच नाहीसं करता येत नाही का. येतं, पण खर्च होतो. स्लाइडवर ब्राँझची पूड मिसळलेल्या टेफ्लॉनची पट्टी चिकटवून ती खरवडून बसवतात. टेफ्लॉनचं वैशिष्ट्य असं की त्याचं सुटतानाचं घर्षण चालतानाच्या घर्षणापेक्षा फारसं जास्त नसतं. किंवा सरळ गोळ्यांवर चालणारे लिनिअर गाइड बसवायचे, नव्या मशीनवर बहुतेक तेच असतात. त्यात घर्षण एकूणच खूप कमी. मात्र घासत चालणारी स्लाइड कटिंगचे हादरे गिळते, गोळ्यांचे गाइड तेवढे गिळत नाहीत. जड कामाची मशीनं आजही घासत्या स्लाइडवर चालतात ती यासाठीच.

वहीला कधी थांबवायचं?

उरलेलं हंटिंग काढायला आता लॅपटॉपची पाळी आली. उपाय सोपा आहे. चूक ठरावीक पट्टीच्या आत आली की वहीत लिहिणं बंद. जमा रक्कम तशीच ठेवायची, फक्त वाढवायची नाही. कंट्रोलरच्या भाषेत ते असं दिसतं:

```
if abs(e) > band:
    I = I + Ki * e * dt
F = Kp * e + Kd * de + I
```

`e` म्हणजे चूक, `I` म्हणजे वही, `band` म्हणजे पट्टी. वही वाढली नाही की जोर वाढत नाही, जोर वाढला नाही की टेबल सुटत नाही.

इथे एक चूक हमखास होते. अचूकता हवी म्हणून पट्टी अगदी अरुंद ठेवली जाते. उडी १६ मायक्रॉनची आणि पट्टी शून्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोनची, म्हणजे एकूण चार. टेबल या बाजूला आठवरून उडतं आणि पट्टी ओलांडून त्या बाजूला आठवर जातं. बेडकाने नाली ओलांडावी तसं. वही एकदाही थांबत नाही आणि मग ‘पट्टी लावून काही उपयोग नाही’ असा शेरा बसतो. नियम असा की पट्टीची एकूण रुंदी उडीपेक्षा मोठी हवी. मग पट्टीच्या बाहेरून सुटलेलं टेबल ती ओलांडू शकत नाही, आतच पडतं.

म्हणजे पट्टीने मिळणारी अचूकता शेवटी उडीच ठरवते, आणि उडी घर्षण ठरवतं. तेल न बदलता हाच उपाय केला असता तर पट्टी दोन्ही बाजूंना आठपेक्षा जास्त ठेवावी लागली असती आणि पाच मायक्रॉनची अट कायम अपुरी राहिली असती. तेल बदलल्यानंतर दोन्ही बाजूंना तीन मायक्रॉनची पट्टी पुरली.

आणखी एक युक्ती आहे: टेबल शून्य ओलांडतं त्या क्षणी वही कोरी करायची. पहिल्या हिशेबात उडी मध्यावर असताना वहीतले २२० न्यूटन टेबलाला पुढेच रेटत होते. ते अचानक काढून घेतले की घर्षणाचे २०० न्यूटन पूर्ण ब्रेकसारखे लागतात. डॅम्पिंग अजिबात धरलं नाही तरी टेबल आठ मायक्रॉनवरून सुटून पलीकडे जेमतेम सव्वादोन मायक्रॉनवर थांबतं, पुढच्या खेपेला एकवर. प्रत्येक उडीत हेलकावा निम्म्याहून कमी उरतो. पण चूक लहान झाली की वही भरायलाही जास्त वेळ लागतो. सव्वादोन मायक्रॉनवर ३०० न्यूटन भरायला सहा सेकंद, एकवर चौदा-पंधरा. तासाला नग मोजणाऱ्या वर्कशॉपला एवढी वाट बघणं जमत नाही. संथ, अतिअचूक मोजमापाच्या यंत्रांवर मात्र ही युक्ती शोभते.

घर्षणाचा अंदाज घेऊन तेवढा जोर आधीच लावायचा, असाही मार्ग असतो. टेबल एका दिशेने चाललेलं असताना तो छान चालतो. थांबायच्या क्षणी दिशा कुठली धरायची हाच प्रश्न पडतो, आणि अंदाज जास्त निघाला तर तो जोरच नवं हंटिंग सुरू करतो. म्हणून हे करणारे लोक मोजलेल्या घर्षणापेक्षा कमीच जोर लावतात.

तोच आजार, साखर कारखान्यात

सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ आहेत आणि प्रत्येकात वाफेचा, रसाचा, पाण्याचा प्रवाह आवरणारे कंट्रोल व्हॉल्व्ह असतात. व्हॉल्व्हची दांडी ज्या पॅकिंगमधून जाते ते जास्त आवळलं की दांडी चिकटते. कंट्रोलरची वही भरते, दांडी उडी मारते, टाकीची पातळी वर-खाली होत राहते. हेलकावा इथे काही सेकंदांऐवजी काही मिनिटांचा असतो, पण आलेखावर तेच सपाट-उभं आणि तेच करवतीचे दाते.

व्हॉल्व्हवर एक उपाय चालतो जो मशीनवर सहसा करत नाहीत. स्वीडनच्या टोरे हॅगलुंड यांनी कंट्रोलरच्या इशाऱ्यात छोटे छोटे ठोके मिसळायची पद्धत मांडली. दांडी चिकटायच्या आत तिला टिचकी बसते. बॉयलरवरचे जुने लोक प्रेशर गेज वाचण्याआधी काचेवर बोटाने टकटक करतात, ते याच कारणासाठी. मिलिंग मशीनवर असे ठोके दिले तर त्यांच्या खुणा कामाच्या पृष्ठभागावर उमटतात आणि स्क्रू लवकर झिजतो, म्हणून तिथे हा मार्ग टाळतात.

मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा स्क्रीनवर ९९.९९८ होतं आणि ते तसंच राहिलं. मामांनी दोन्ही तेलांच्या डब्यांवरचे ६८ आकडे खोडून एकावर ‘स्लाइड’ आणि दुसऱ्यावर ‘प्रेस’ असं ऑइल पेंटने लिहून ठेवलं होतं. इंजिनिअरने इंटिग्रलची मूळ किंमत आणि तेल बदलल्यानंतरचे घर्षणाचे दोन आकडे मशीनच्या दाराच्या आत कागदावर चिकटवले होते. स्थिर घर्षण २२० वरून वर जायला लागलं की गिब आणि तेलाची नळी बघायची, सेटिंगला हात लावायचा नाही, असं खाली लिहिलं होतं.